सहा टक्के, पण कोणाचे? एका चुकलेल्या बातमीची दुरुस्ती

आजची पोस्ट जरा लांब आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात नेटचा निकाल लागला. हीच ती परीक्षा, जी १८ जूनला झाली, दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा घेतली गेली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या तालुक्यातलं एक पोरगं मोबाईल घेऊन माझ्याकडं आलं. मराठीत एम.ए. झालेलं, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारं. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. "दादा, नेट निघाली बघा," म्हणून त्यानं स्क्रीन पुढं केली. त्यावर ८४ चा आकडा होता. मी विचारलं, "चौऱ्याऐंशी टक्के?" ते नुसतं हसलं. मी बातमी लावून टाकली, की पालम तालुक्यातल्या तरुणाला नेट परीक्षेत ८४ टक्के गुण, आता प्राध्यापक होण्याचा मार्ग मोकळा. संध्याकाळपर्यंत चौकात बॅनर लागला.

त्या बातमीतली दोन्ही वाक्यं चुकीची होती. ८४ हे टक्के नव्हते, पर्सेंटाइल होतं. आणि मार्ग काही मोकळा झालेला नव्हता. निकालाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं की हा उमेदवार फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र आहे. सहायक प्राध्यापकासाठी नाही. हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही तो एका संस्थेत मुलाखतीला गेला आणि तिथल्या क्लार्कनं कागद परत केला तेव्हा. बॅनर त्यानं रात्री स्वतःच उतरवला.

मी पत्रकारितेची पदविका केलेला माणूस. नेट-सेट मी दिलेली नाही, पण वीस वर्षं त्यांच्या निकालाच्या बातम्या लावतोय. त्या रात्री पहिल्यांदा मी दोन्ही परीक्षांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली, नंतर दोन-तीन सरांकडं जाऊन समजून घेतलं. जे कळलं ते आपल्या भागातल्या प्रत्येक एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या लेकराला माहीत पाहिजे, म्हणून लिहितोय.

आधी पर्सेंटाइलचा घोळ. त्याला प्रत्यक्षात ३०० पैकी १५४ गुण होते, म्हणजे ५१ टक्क्यांच्या थोडं वर. ८४ पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की मराठी विषयात बसलेल्या दर शंभरातले चौऱ्याऐंशी जण त्याच्या बरोबरीला किंवा त्याच्या मागं आहेत. म्हणजे सोळा त्याच्या पुढं आहेत. आपल्याला दहावी-बारावीच्या सवयीनं ८४ हा आकडा भारी वाटतो. पण जिथं शंभरातले सहाच घ्यायचे आहेत, तिथं सोळा जण पुढं असणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं बघावं.

जून २०२४ पासून यूजीसीनं नेटच्या निकालाचे तीन गट केले. पहिला गट जेआरएफचा, म्हणजे फेलोशिप, प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश तिन्ही. दुसरा प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाचा. तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेशाचा. या तिसऱ्या गटाला प्रवेशासाठी नेटचं ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के वजन धरतात, आणि तो निकाल एकच वर्ष चालतो. आपला गडी या तिसऱ्या गटात होता. सेटमध्ये हा प्रकार नाही. सेट म्हणजे फक्त सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, एक तर आहे किंवा नाही. फेलोशिपही तिथं नाही.

आता मुख्य मुद्दा. चौकात, कट्ट्यावर, अगदी स्टाफरूममध्येसुद्धा एक वाक्य नेहमी ऐकू येतं, की "सेट सोपी, नेट अवघड." कागद वाचल्यावर मला वाटतं हे वाक्य चूक नसेल तरी अर्धवट नक्की आहे. दोन्ही परीक्षांत पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रम यूजीसीचाच. आणि दोन्हीकडं सहायक प्राध्यापक म्हणून पात्र ठरवायचं प्रमाणही सारखंच, दोन्ही पेपर दिलेल्यांच्या सहा टक्के. पूर्वी नेटला किमान गुण मिळवणाऱ्यांतून वरचे पंधरा टक्के घेत. २०१७ साली केरळ उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती पद्धत गेली आणि हे सहा टक्के आले. सेटलाही आता तेच लागू आहे.

मग फरक कुठं आहे? फरक हा आहे, की सहा टक्के कोणाचे, आणि ते वाटायचे कसे.

सेट ही परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी १९९५ पासून पुण्याचं विद्यापीठ घेतं, आजचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. तिचे सहा टक्के इथं बसलेल्या उमेदवारांचे. आणि ते सहा टक्के महाराष्ट्राच्या आरक्षणाप्रमाणं वाटले जातात. नेट एनटीए घेते, तिचे सहा टक्के देशभरातल्या उमेदवारांचे, आणि वाटणी केंद्राच्या आरक्षणाप्रमाणं. आपल्या भागात या एका ओळीनं किती फरक पडतो बघा. राज्यात विमुक्त जाती-भटक्या जमातींचे वेगळे गट आहेत. धनगर समाज एनटी-सी मध्ये, त्याला साडेतीन टक्के. वंजारी एनटी-डी मध्ये, दोन टक्के. बंजारा व्हीजे-ए मध्ये, तीन टक्के. केंद्राकडं हे गटच नाहीत. तिथं हे तिन्ही समाज ओबीसीच्या एकाच २७ टक्क्यांत, माळी, कुणबी आणि देशातल्या इतर सगळ्या ओबीसींसोबत.

आपलं पोरगं धनगर समाजाचं. म्हणजे सेटच्या फॉर्मवर तो एनटी-सी आणि नेटच्या फॉर्मवर ओबीसी. सेतू केंद्रातून काढायचं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रसुद्धा दोन्हीकडं वेगळं लागतं, एक राज्याच्या नमुन्यात आणि एक केंद्राच्या. कितीतरी पोरं राज्याच्याच कागदावर नेटचा फॉर्म भरतात आणि पडताळणीच्या वेळी अडकतात.

आता वाटणी कशी होते ते एका उदाहरणानं सांगतो. आकडे माझे, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले. पद्धत मात्र खरी.

समजा सेटला एक लाख जणांनी दोन्ही पेपर दिले. सहा टक्के म्हणजे ६,००० जागा. जागा म्हणजे नोकऱ्या नव्हेत, पात्रतेची प्रमाणपत्रं. त्यातल्या साडेतीन टक्के एनटी-सी च्या, म्हणजे २१०. आता बघायचं, की एनटी-सी चे किती उमेदवार किमान गुणांची रेषा ओलांडतात. ही रेषा खुल्या गटाला ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १२० गुण, आणि आरक्षित गटांना ३५ टक्के, म्हणजे १०५. समजा सगळे विषय मिळून ३,००० एनटी-सी उमेदवारांनी १०५ ओलांडले. त्यातले मराठी विषयाचे ३००. मग मराठीला एनटी-सी च्या किती जागा? ३०० ला २१० नं गुणा आणि ३,००० नं भागा. उत्तर २१. मराठीतल्या एनटी-सी च्या ३०० जणांची गुणांप्रमाणं रांग लावायची, आणि एकविसाव्याला जेवढे गुण तो त्या विषयाचा, त्या गटाचा कटऑफ. भूगोलात त्याच गटाचे १०० जण रेषेपलीकडं असतील तर भूगोलाला ७ जागा.

या हिशेबातून तीन गोष्टी निघतात, ज्या मला वीस वर्षांत कोणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली, १०५ गुण म्हणजे पास नव्हे. "मला ३५ टक्क्यांच्या वर आहेत, तरी नापास कसा?" हा प्रश्न दर निकालाला येतो. १०५ हे फक्त रांगेत उभं राहायचं तिकीट आहे. वरच्या उदाहरणात रांगेतले ३०० आणि आत जाणारे २१. राहिलेल्या २७९ जणांनाही १०५ च्या वरच गुण आहेत.

दुसरी, "सोपा विषय" नावाची गोष्ट इथं फारशी चालत नाही. एका गटात सगळ्या विषयांना एकाच प्रमाणात जागा मिळतात, आपल्या उदाहरणात रेषेपलीकडच्या दर शंभरात सात. एखाद्या विषयाचा पेपर सोपा आला तर जास्त पोरं रेषा ओलांडतात, जागाही वाढतात, पण कटऑफही वर चढतो. पेपर अवघड आला तर रेषा ओलांडणारे कमी, म्हणून त्या विषयाच्या जागाही कमी, त्या दुसऱ्या विषयांकडं जातात. आपल्याकडं पोरं एका विषयात जमेना म्हणून दुसऱ्या "सोप्या" विषयात पुन्हा एम.ए. करतात, दोन वर्षं आणि फी घालवतात. त्यांनी आधी त्या विषयाचे आपल्या गटाचे मागचे चार कटऑफ शेजारी मांडून बघावेत. नाव सोपं आणि कटऑफ १७० च्या वर, असं निघालं तर काय मिळवलं?

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वेगळी रांग म्हणजे लहान रांग नव्हे. एनटी-सी च्या २१० जागा ठरलेल्या आहेत. आपल्या भागात धनगर, वंजारी समाजाची पोरं आता भरमसाठ शिकतायत. ३,००० च्या ऐवजी ४,००० जणांनी रेषा ओलांडली आणि मराठीचे ३०० चे ४०० झाले, तरी ४०० गुणिले २१० भागिले ४,०००, उत्तर पुन्हा २१ च. जागा तेवढ्याच, रांग शंभरानं लांब. म्हणून "सेटला आपला वेगळा कोटा आहे, निघतेच," हे धरून चालू नये. कधीकधी भटक्यांच्या एखाद्या गटाचा कटऑफ ओबीसीच्या वर जाऊ शकतो, आणि त्यात कुणाची लबाडी नसते, हिशेबच तसा आहे.

आता हाच हिशेब नेटला लावा. मराठी विषयात बसणारी पोरं कुठली? नांदेड, लातूर, परभणी, पुणे, कोल्हापूर, नागपूरचीच. बिहारचा कोणी मराठीच्या पेपरला बसत नाही. म्हणजे स्पर्धक जवळजवळ तेच. पण मराठीतल्या ओबीसींना जागा किती, हे ठरवताना गुणाकार-भागाकारात देशभरातले सगळ्या विषयांचे ओबीसी येतात. बिहार-उत्तर प्रदेशात इतिहास, राज्यशास्त्र, हिंदीत किती लाख पोरांनी ३५ टक्के ओलांडले, त्यावर पालमच्या मराठीच्या पोराचा वाटा अवलंबून. आणि त्या वाट्यात तो धनगर म्हणून नाही, तर माळी, कुणबी, वंजारी, बंजारा अशा सगळ्यांसोबत एकाच रांगेत. कुठली रांग सोयीची, हे आधी ठरवून सांगता येत नाही. म्हणून दोन्ही परीक्षा द्याव्यात, हे उत्तर. एक सोपी, एक अवघड असं नसून दोन वेगळ्या रांगा आहेत.

बरं, हे झालं ज्याचा विषय दोन्हीकडं आहे त्याचं. या पोराची थोरली बहीण संगीतात एम.ए. आहे. भाऊ सेटचा फॉर्म भरणार म्हटल्यावर तीही म्हणाली, "दादा, माझाही भरा." मी यादी उघडली. सेटला ३२ विषय. मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, उर्दू, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा, शारीरिक शिक्षण, आणि सगळी मूलभूत विज्ञानं. संगीत नाही. पाली नाही. नाट्य नाही, पुरातत्त्व नाही. नेटला ८५ विषय आहेत, त्यात हे सगळे आहेत. म्हणजे संगीत किंवा पालीत एम.ए. झालेल्याला सेट हा रस्ताच नाही, त्याला नेटच द्यावी लागते. आपल्या मराठवाड्यात पाली शिकणारी पोरं थोडीथोडकी नाहीत. एम.ए. ला प्रवेश घेताना हे त्यांना कोणीच सांगत नाही.

उलटं पण आहे. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यूजीसीच्या नेटमध्ये शोधून सापडणार नाहीत. त्यांची नेट वेगळी, सीएसआयआरची, पाच विषयांची, आणि तिथं चुकीच्या उत्तराला गुण कापतात. सेटमध्ये मात्र हे विषय त्याच फॉर्मवर आहेत आणि गुण कापत नाहीत. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यानं "जीवशास्त्रे" या एकाच विषयाखाली बसायचं, बॉटनी असा वेगळा रकाना शोधत बसायचं नाही.

आणि आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली पोरं तर दोन्ही याद्यांत स्वतःला शोधतात आणि परत येतात. कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र यांची नेट एएसआरबी घेते. तिथं सहा टक्क्यांची भानगडच नाही. खुल्या गटाला ५० टक्के, ओबीसीला ४५, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण पडले की पात्र. तिथं तुमची स्पर्धा पेपरशी. सेट-नेटला स्पर्धा शेजारच्या बाकावरच्याशी. "किती गुण पाहिजेत?" या प्रश्नाचं उत्तर एएसआरबीला परीक्षेआधी देता येतं. सेट-नेटला निकालानंतरच.

सेटचा एक फायदा आणि एक मर्यादा सांगतो आणि थांबतो. फायदा भाषेचा. नेटचा पहिला पेपर इंग्रजी-हिंदीत, सेटचा मराठीतही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराला तर्क आणि आकडेमोडीचा प्रश्न आपल्या भाषेत वाचायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. मर्यादा जागेची. १ जून २००२ नंतर सेट झालेल्याची पात्रता त्या राज्यापुरतीच. आपली सेट महाराष्ट्र आणि गोव्यात चालते. आपल्या भागातल्या पोरांना गुलबर्गा-बीदर, निजामाबाद-हैदराबाद जवळ. तिथल्या महाविद्यालयात ही सेट कामाची नाही. नेट देशात कुठंही चालते.

पोरानं १५ जून २०२५ ची सेट दिली. पालमहून लोह्यामार्गे नांदेडला केंद्रावर सोडायला मीच गेलो होतो, चुकीच्या बातमीचं प्रायश्चित्त म्हणून समजा. वाटेत तो म्हणाला, "दादा, यावेळी निकाल लागला की आधी तुम्ही वाचा, मग मी घरी सांगतो." निकालाचं इथं लिहू नका असं त्यानं सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. बॅनरचा त्याला आता धसका आहे, आणि तो मी दिलेला आहे.

त्याच्या बातमीची दुरुस्ती मी तेव्हाच छापली होती, आतल्या पानावर, तीन ओळी. तेवढ्यानं भागत नाही म्हणून ही पोस्ट. यापुढं माझ्याकडं नेट-सेटच्या यशाची बातमी घेऊन येणाऱ्याला मी चार गोष्टी विचारणार आहे. परीक्षा कुठली, विषय कुठला, ३०० पैकी गुण किती आणि त्या विषयात तुझ्या गटाचा कटऑफ किती. आणि निकालाच्या रकान्यातली ओळ मी स्वतः वाचणार. पर्सेंटाइलचा आकडा मथळ्यात जाणार नाही.

तुमच्या घरात कोणी यंदा एम.ए., एम.एस्सी. ला प्रवेश घेत असेल, तर फी भरायच्या आधी त्या विषयाचं नाव दोन्ही याद्यांत आहे का, एवढं बघा. दहा मिनिटांचं काम आहे. त्या पोराच्या बहिणीला हे कोणी दोन वर्षं आधी सांगितलं असतं, तर तिनं संगीत सोडलं नसतं. पण तयारी पहिल्या दिवसापासून नेटची केली असती.